घड्याळवालीसाठी सहा शब्द

आमच्या कचेरीत त्याला सगळे तळटीप म्हणायचे, अगदी तोंडावर. बावीस वर्षं त्याने मराठी लेख इंग्रजीत केले आणि एकदाही पानाच्या तळाशी टीप दिली नाही, म्हणून हे नाव. त्याला ते आवडायचं. फोनसुद्धा तो "हां, तळटीप बोलतोय" म्हणूनच उचलायचा.

मी पानं लावते. लेखातलं मला किती कळतं ते विचारू नका, पण मजकूर जागेत मावतो की नाही हे माझ्याइतकं कुणाला कळत नाही. माझं टेबल त्याच्या टेबलाला लागून. मधे एक फळी होती, ती कधीच पडली आणि कुणी पुन्हा लावली नाही. त्यामुळे तो स्वतःशी काय पुटपुटतो, कुठल्या शब्दावर अडकतो, कधी बिस्किटाचा पुडा फोडतो, सगळं मला ऐकू यायचं. तो मला ताई म्हणायचा, मी त्याला अरे-तुरे करायचे. वयाने चौदा वर्षांनी मोठी आहे मी, कशाला सोडू?

त्याचं मुख्य काम शनिवारच्या इंग्रजी पानाचं. आमच्या मराठी अंकात दर गुरुवारी आप्पांचं सदर यायचं. आप्पा म्हणजे निवृत्त शाळामास्तर. जिभेला हाड नाही, पण शहरातली नस न् नस ठाऊक. तेच सदर शुक्रवारी तळटीप इंग्रजीत करायचा. आप्पा लिहायचे शेजाऱ्याशी गप्पा मारल्यासारखं. आता शेजाऱ्याला काय, सगळं माहीत असतं. बाहेरच्याला कसं कळायचं?

आप्पांनी लिहिलं, "तीन खांबांवर जाऊन विचारा." तर तळटीप लिहिणार, "तीन खांब चौकात विचारा, जिथे इथला प्रत्येक मोर्चा संपतो." खांब कधी उभारले, त्यातले दोन कुणी पाडले, यातलं अक्षर नाही. आप्पांनी लिहिलं, "पांढरी गाडी दारात आली." तर तो गाडीचा रंग सरळ काढून टाकायचा आणि लिहायचा, "पालिकेचं सील ठोकणारं पथक दारात आलं." मी एकदा विचारलं, "का रे, पांढरी कुठे गेली?"

"रंग गेला तरी चालतो ताई, धाक राहिला पाहिजे. वाचणाऱ्याला ठेच लागता कामा नये आणि त्याला शिकवणीला बसवलंय असंही वाटता कामा नये. कंस टाकला की तो थांबतो. टीप टाकली की खाली जातो आणि परत वर येतच नाही."

हे सांगताना छाती अशी फुगायची त्याची, की विचारू नका. घरी कुणी कौतुक करायला नव्हतं. बायको कधीच सोडून गेली होती, आई अंथरुणाला खिळलेली. तेवढा शनिवार त्याचा असायचा.

तर ती घटना. शहराबाहेर रंगाचा कारखाना आहे, मालक परदेशात. एका मंगळवारी सकाळी तिथली टाकी आतून खरवडायला तीन माणसं उतरली. ठेकेदाराची माणसं. आत रंग पातळ करायच्या द्रावणाची वाफ साचलेली. तिघंही आत मेले. कारखान्याने दुसऱ्याच दिवशी कागद दाखवला, की टाकीत उतरायचा परवाना पंधरा मिनिटांचा होता, हवा तपासली होती, सगळं नियमाप्रमाणे होतं, आणि माणसं पंधरा मिनिटांच्या आतच कोसळली, म्हणजे दुर्दैव. दुर्दैवावर खापर फोडलं की बरं असतं, ते उलट उत्तर देत नाही.

पण एका बाईकडे वही होती. टाकीच्या तोंडाशी उभं राहून कोण कधी आत गेला, कधी बाहेर आला हे ती लिहायची. तिच्या वहीत होतं, आत नऊ दहा, बाहेर नऊ पन्नास. चाळीस मिनिटं. "बाहेर"च्या रकान्यात तिने जी वेळ लिहिली ती तिघांना ओढून काढल्याची होती. आणि त्या तिघांतला एक तिचा सख्खा दीर होता. लिहिताना तिचा हात कसा चालला असेल, देव जाणे.

ती वही घेऊन ती आप्पांकडे आली. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी. आप्पा म्हणाले, "लिहू का?" ती म्हणाली, "लिहा. मी चौकशीत सांगणारच आहे." चौकशी समिती नेमली गेली होती. अध्यक्ष बाहेरचे, मराठीचा गंध नाही, सगळं कामकाज इंग्रजीत. म्हणजे आप्पांचं सदर समितीपर्यंत पोचणार ते तळटीपच्या इंग्रजीतूनच. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तिची साक्ष टिकते की नाही यावर तीन घरांचा न्याय टांगलेला होता आणि तिची स्वतःची मानही.

आप्पांचं मुख्य वाक्य असं होतं: "परवान्यावर पंधरा मिनिटं आहेत आणि घड्याळवालीच्या वहीत चाळीस." बस्स. इथल्या कारखान्यांत काम करणाऱ्याला घड्याळवाली म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आम्हा कचेरीतल्या लोकांना मात्र काय कळतंय? तळटीपने आप्पांना फोन लावला.

"आप्पा, घड्याळवाली म्हणजे नक्की कोण?"

आप्पांचा आवाज फोनमधून मलाही ऐकू येत होता, असा खणखणीत. "अरे, हजेरीवाली. ठेकेदार तिला मनगटी घड्याळ देतो आणि वही देतो. आत गेला, लिही. बाहेर आला, लिही. ना शिट्टी, ना दोरी. माणसाला बाहेर काढायचा हुकूम द्यायचा तिला अधिकार नाही. वीस मिनिटं झाल्यावर तिने मुकादमाला विचारलं, तर तो म्हणाला, तू आकडे लिही. पण हे मुकादमाचं छापू नकोस हं, ते तिला समितीपुढे स्वतःच्या तोंडाने सांगायचंय."

तळटीपने मान डोलावली आणि कामाला लागला. "टाइमकीपर" हा शब्द त्याला सहज सापडला होता. मीच म्हटलं, "घाल ना, सोपा आहे."

"छे! टाइमकीपर म्हटलं की खुर्चीत बसलेला कारकून डोळ्यांपुढे येतो, पगारी, पंख्याखाली. ही बाई उन्हात उभी आहे ताई."

मग त्याने लिहिलं ते मला वाचून दाखवलं. मराठीत सांगायचं तर, "ठेक्यावरची ती बाई, जी प्रत्येक माणूस आत कधी गेला आणि बाहेर कधी आला एवढं टिपते, पण दोन्हींत जिला काहीही बोलायचा अधिकार नाही." इंग्रजीत एकवीस शब्द. चोख काम. एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नव्हती.

आता माझी बाजू ऐका. त्या शुक्रवारी खाली जाहिरात आली होती, ती अर्ध्या बोटाने वाढलेली. वहीच्या पानाचा फोटो लहान करता येईना, आकडे दिसेनासे व्हायचे. लेख दोन ओळींनी जास्त भरत होता. मी ओरडले, "तळटीप, दोन ओळी काप! छापखान्याचा फोन येऊन गेला दोनदा."

त्याने सगळा लेख वरून खाली पाहिला. दुसरीकडे कुठे कापलं असतं तर आप्पांचा मुद्दा गेला असता. खरंच गेला असता, मी नंतर पन्नास वेळा वाचून पाहिलं. शेवटी त्याने त्या एकवीस शब्दांवर बोट ठेवलं आणि दहा मिनिटं खिडकीकडे बघत बसला. मी घड्याळाकडे बघत होते आणि माझं डोकं तापत होतं. मग एकदम वळून म्हणाला, "ऐका ताई. द वुमन गार्डिंग द मेन बिलो. सहा शब्द. खाली उतरलेल्यांची राखण करणारी बाई. मी आधी 'इनसाइड' घेतलं होतं, 'आत'. पण 'बिलो' म्हटलं की ती टाकीच्या तोंडाशी वाकून उभी दिसते की नाही?"

दिसत होती. मला अगदी डोळ्यांपुढे दिसली. मी म्हणाले, "फक्कड!" आणि पान सोडलं.

हा "फक्कड" माझा. तो मला आजही झोपू देत नाही.

सोमवारी कौतुकाचे फोन आले. बाहेरच्या दोन वर्तमानपत्रांनी तो लेख उचलला. आप्पांना कुणीतरी वाचून दाखवला. ते म्हणाले, "राखण करणारी? असं मी कुठे लिहिलं?" पण तेही सुखावलेले होते, म्हणाले, "बरं, गोड लिहिलंस." स्वतः आप्पांना गोड वाटलं, तिथे बाकीच्यांची काय कथा. मग एका मराठी वाहिनीने इंग्रजीवरून परत मराठीत बातमी दिली. पट्टी फिरत होती, "राखणदार महिला म्हणते, कामगार चाळीस मिनिटं आत होते."

आणि लोक विचार करायला लागले. राखणदार होती ना? मग चाळीस मिनिटं बघत काय बसली होती?

तळटीपच्या हे लक्षात आलं बुधवारी दुपारी. समोर डबा उघडा होता. घास हातातच राहिला. म्हणाला, "ताई, मी तिला काम दिलं."

"काय बडबडतोयस?"

"तिचं नव्हतं ते काम मी तिला दिलं. लिहिणं हे तिचं काम होतं. राखणं मी दिलं."

मला वाटलं, हा उगाच राईचा पर्वत करतोय. तसं बोललेही. तो उठून संपादकांकडे गेला आणि दुरुस्ती छापा म्हणाला. संपादकांनी वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, प्रकरण चौकशीत आहे, आत्ता चूक कबूल केली तर बाईची वहीसुद्धा खोटी ठरवतील, तोंडावर बोट ठेवा. तळटीपने एकवीस शब्दांचं ते वाक्य स्वच्छ लिहून, सही करून समितीला टपालाने पाठवलं. पोच आली. पुढे काही नाही.

पाच आठवड्यांनी सुनावणी झाली. त्याच्याबरोबर मीही गेले. साधी खोली, लांब टेबल, पंख्याचा खरखराट. ती बाई कोपऱ्यात बसलेली, तिशीची असेल, वही ओढणीत गुंडाळून मांडीवर. तिने आमच्याकडे पाहून ओळखीचं हसू दिलं. तिला वाटत होतं, आम्ही तिच्या बाजूचे.

तिने सगळं नीट सांगितलं. मुकादमाला विचारलं होतं हेही सांगितलं. मुकादम उठला आणि म्हणाला, "मला कुणी काही विचारलं नाही." संपलं. साक्षीदार टाकीत मेलेले.

मग कारखान्याच्या वकिलाने एक कागद काढला. तिच्या नेमणुकीचं पत्र, इंग्रजीत, दोन वर्षांपूर्वीच्या तारखेचं, खाली तिची सही. कामाला लागताना तिच्याकडून पाच-सहा कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या, सगळ्यांकडूनच घेतात. वकिलाने तिच्या कामाचं वर्णन मोठ्याने वाचलं. टाकीच्या तोंडाशी उभं राहणं. आणि "टु गार्ड द मेन बिलो."

तळटीप ताडकन उभा राहिला. "ते माझं वाक्य आहे!"

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. तो घडाघडा बोलत सुटला. हे शब्द मी पाच आठवड्यांपूर्वी जुळवले, त्याआधी ते कुठेच नव्हते, "इनसाइड" खोडून "बिलो" मीच केलं, कारखान्याच्या बाकी सगळ्या कागदांवर "इनसाइड" आहे, बघा, एका तरी कागदावर "बिलो" आहे का? हे पत्र माझ्या लेखावरून बनवलंय! क्षणभर मलाही वाटलं, सापडले चोर.

वकील शांतपणे म्हणाला, "आपण या बाईंचं काम काय हे लिहिण्यापूर्वी चौकशी केली होती?"

"केली होती."

"माहिती असणाऱ्याकडे?"

"हो."

"मग वर्तमानपत्राने चौकशी करून जे लिहिलं तेच आमच्या पत्रात आहे. जुळलं, याचं आपल्याला आश्चर्य का वाटतं? आम्ही आपले आभारी आहोत."

तो म्हणाला, "पण ते खरं नाही." वकील म्हणाला, "मग आपण खोटं छापलंत का?" हो म्हणावं तर सगळा लेख खोटा, वही खोटी. नाही म्हणावं तर बाई दोषी. त्याने एकवीस शब्दांच्या कागदाची आठवण करून दिली. अध्यक्ष म्हणाले, छापलेलं आहे ते छापलेलं आहे, घरी काय लिहिलं होतं त्याचा आम्हाला उपयोग नाही. मला उठून ओरडायचं होतं, की अहो, दोन ओळी मी कापायला लावल्या, जाहिरात वाढली होती! नाही ओरडले. भ्याले. नोकरीला भ्याले, खरं सांगते.

दोन महिन्यांनी अहवाल आला. परवाना नियमाप्रमाणे होता. हवेच्या तपासणीच्या नोंदी "काहीशा अपुऱ्या". मुख्य हलगर्जी राखणदार कर्मचाऱ्याची, जिने स्वतःच्या वहीतल्या नोंदीनुसार चाळीस मिनिटं होऊनही माणसांना वर बोलावलं नाही. तिच्यावर गुन्हा नोंदवावा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते आजवर नुसतं ऐकलं होतं. चाळीस मिनिटांचा आकडा त्यांनी मान्य केला बरं का. तिचाच आकडा घेतला आणि तिच्यावरच लावला.

आम्ही तिच्या घरी गेलो. तळटीपला एकट्याला जाववेना. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत तिची सासू भिंतीकडे तोंड करून पडलेली. आम्ही कोण ते कळल्यावर म्हातारी वळली नाही, भिंतीलाच म्हणाली, "राखायला ठेवली होती म्हणे हिला. माझा धाकटा आत, आणि ही वर उभी राहून अक्षरं काढत होती." तिचा मुलगा, म्हणजे बाईचा नवरा, दारातून उठून बाहेर निघून गेला. महिनाभर तो बायकोशी बोलला नव्हता.

तिने आम्हाला पाणी दिलं. तळटीप चटईवर बसून हात जोडून म्हणाला, "वहिनी, चूक माझी आहे. तुमचं काम ते नव्हतं. मी चुकीचं लिहिलं. मी हे सगळीकडे सांगेन, कोर्टात सांगेन."

ती म्हणाली, "इंग्रजीत काय लिहिलं होतं तुम्ही? नीट सांगा ना मला. सगळे सांगतात, पण प्रत्येकाचं वेगळं."

त्याला सांगावंच लागलं. बावीस वर्षं दुसऱ्यांचं इंग्रजीत नेणारा माणूस, आता स्वतःचं परत मराठीत आणत होता. "खाली उतरलेल्यांची राखण करणारी बाई."

तिने ते ओठांत दोनदा म्हणून पाहिलं.

"पण ते खोटं आहे वहिनी," तो घाईघाईने म्हणाला, "तुम्हाला ना दोरी होती, ना शिट्टी, ना अधिकार. आप्पांनी मला सगळं सांगितलं होतं. तुम्ही मुकादमाला विचारलंत, ते तुमचं कामसुद्धा नव्हतं. तरी विचारलंत."

"हो, विचारलं," ती म्हणाली. "वीस मिनिटांनी. तो म्हणाला, आकडे लिही. मग मी वही उघडली परत." माझ्याकडे नाही, त्याच्याकडेही नाही, आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होती. "तिथून खाली माझ्या दिराचं डोकं दिसत होतं. हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती. कोर्टाचं राहू द्या भाऊ. मला एवढंच सांगा, राखण करणारीनं एकदाच विचारून गप्प बसायचं असतं का?"